संक्रांतीची साडी आणि सिंगापूरचं कपाट

तुमच्या घरात असं एखादं कपाट आहे का, जे उघडलं की आधी वास येतो आणि मग कपडे दिसतात? त्या वासाला मराठीत 'कुबट' वास म्हणतात. बंद आणि ओलसर जागेत बरेच दिवस पडून राहिलेल्या कपड्यांना, गाद्यांना, पुस्तकांना असा वास येतो. त्याच्या जोडीला अजून एक शब्द शिकून ठेवा: सादळणे. हवेतली ओल शोषून एखादी वस्तू नरम पडली की ती 'सादळली' म्हणतात. डबा उघडा राहिला की पापड सादळतात, बिस्किटं सादळतात. सिंगापूरमध्ये कपडेसुद्धा सादळतात, आणि ते लवकर कळत नाही, कारण पापडासारखे आपण ते चावून बघत नाही!

मला ते एका संक्रांतीला कळलं. महाराष्ट्रात संक्रांतीला काळे कपडे घालतात, हे तुम्हाला माहीत असेल. माझ्याकडे एक काळी रेशमी साडी आहे, आणि ती मी वर्षातून एकदाच, हळदीकुंकवाला नेसते. त्या जानेवारीत मी कपाटाच्या खालच्या कप्प्यातून साडीची पिशवी काढली. पिशवी प्लॅस्टिकची होती. आत साडी, तिच्यावरचं ब्लाउज आणि परकर, सगळं एकत्र घडी करून ठेवलेलं. पिशवी उघडली आणि तो वास आला.

मग मी साडी पलंगावर पसरली. पदराजवळ पांढरट पावडरीसारखा एक गोल ठिपका होता. साडीच्या खालच्या काठाला आतून फॉल लावलेला असतो, म्हणजे सुती कापडाची एक लांब पट्टी. त्या पट्टीवर मिरीच्या दाण्यांपेक्षाही बारीक असे काळे ठिपके पसरले होते. ब्लाउजच्या सुती अस्तरावर, काखेजवळ, पिवळे डाग होते आणि त्यांच्या कडेनेही तसेच काळे ठिपके. परकर पॉलिएस्टरचा होता. त्याच्यावर एकही ठिपका नव्हता, पण वास मात्र त्यालाच सगळ्यात जास्त येत होता.

एकच पिशवी, एकच कप्पा, एकच वर्ष. तरी प्रत्येक कापडाचं वेगळंच काहीतरी झालं होतं. असं का झालं, हेच आज समजून घेऊ या.

आजीचा उपाय इथे का चालत नाही

मी लगेच आईला फोन केला. ती म्हणाली, "अगं, कपड्यांना ऊन दाखवलं नाहीस का?"

'ऊन दाखवणे' म्हणजे एखादी वस्तू थोडा वेळ उन्हात ठेवून तिच्यातली ओल काढणे. महाराष्ट्रात पावसाळा जून ते सप्टेंबर असतो. तो संपला की घरोघरी गाद्या, रजया, ठेवणीतल्या साड्या बाहेर निघतात. ('ठेवणीतली' म्हणजे रोज न वापरता जपून ठेवलेली.) माझी आजीही दरवर्षी हेच करायची. तिथे ते पुरतं, कारण त्यानंतर काही महिने हवा कोरडीच असते. पुण्यात जानेवारीच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की ओठ फुटतात. एकदा कोरडे झालेले कपडे कपाटात कोरडेच राहतात.

सिंगापूरला असा कोरडा ऋतूच नाही. नोव्हेंबर ते जानेवारी पाऊस जास्त असतो, आणि डिसेंबर-जानेवारीत कधीकधी सलग दोन-तीन दिवस तो थांबतच नाही. तेव्हा खिडकीबाहेर बांबूवर वाळत घातलेले कपडे संध्याकाळी जसेच्या तसे ओले परत येतात. पण उरलेल्या महिन्यांतही हवेत भरपूर बाष्प असतंच. त्यामुळे 'पाऊस संपला की ऊन दाखवू' असं म्हणून थांबलात, तर थांबतच राहाल.

मग इथे करायचं काय? इथे कोरडा ऋतू नसला, तरी दिवसात एक कोरडा वेळ असतो. ऋतूऐवजी घड्याळाकडे बघायचं.

हे नीट समजायला 'आर्द्रता' हा शब्द लागेल. हवा जास्तीत जास्त जेवढं बाष्प धरू शकते, त्याच्या किती टक्के बाष्प आत्ता तिच्यात आहे, ते म्हणजे आर्द्रता. सिंगापूरमध्ये सूर्य उगवायच्या जरा आधी आर्द्रता 90 टक्क्यांच्या वर असते. पाऊस नसेल त्या दिवशी दुपारी दोन ते चारच्या सुमाराला ती 60 ते 65 पर्यंत उतरते. गंमत अशी की हवेतलं पाणी फारसं कमी झालेलं नसतं. हवा तापलेली असते, आणि तापलेली हवा जास्त बाष्प धरू शकते, म्हणून ती अजून पाणी ओढून घ्यायला तयार असते. पहाटेची थंड हवा आधीच गच्च भरलेली असते. ती कपड्यातून पाणी घेत नाही, उलट कपड्याला देते.

म्हणजे 'सकाळी सकाळी कपाटं उघडून टाका, ताजी हवा येऊ दे' हा सल्ला इथे चुकीचा आहे. ताजी हवा येते खरी, पण ओल घेऊन येते. कपाट उघडायचं तर कोरड्या दिवशी दुपारी तीन वाजता.

बुरशीची मर्यादासुद्धा याच आकड्यांत आहे. आर्द्रता 65 टक्क्यांच्या खाली असली तर कापडावर बुरशी सहसा वाढत नाही. 75 च्या आसपास ती हळूहळू, काही आठवड्यांत वाढते. 90 च्या पुढे तिला थोडेच दिवस पुरतात. बुरशीचे बीजाणू, म्हणजे तिच्या अगदी बारीक 'बिया', हवेत सगळीकडे असतात. ते घरात येऊच द्यायचे नाहीत, हे कुणालाही जमणार नाही. आपल्या हातात दोनच गोष्टी आहेत: त्यांना पाणी मिळू द्यायचं नाही आणि खायला द्यायचं नाही.

पाणी नक्की कुठे असतं?

आता एक छोटा हिशोब करू. घाबरू नका, दोनच आकडे आहेत.

समजा तुमचं कपाट साधारण एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच आहे. त्यातल्या हवेत, इथल्या नेहमीच्या तापमानाला, वीस-बावीस ग्रॅम पाणी असतं. म्हणजे जेमतेम दीड मोठा चमचा. आता त्याच कपाटात दहा किलो सुती कपडे आहेत असं धरा. हात लावला तर ते अगदी कोरडे लागतात. पण कापूस हवेतलं पाणी स्वतःत धरून ठेवतो. आर्द्रता 65 टक्के असताना कापूस आपल्या वजनाच्या सुमारे आठ टक्के पाणी धरतो. दहा किलोचे आठ टक्के म्हणजे 800 ग्रॅम. म्हणजे तुमच्या 'कोरड्या' कपड्यांत चार पेले पाणी आहे! आणि आर्द्रता 90 पर्यंत गेली, तर हेच कपडे दीड किलोच्या जवळ पाणी धरू शकतात.

माझा सगळ्यात मोठा गैरसमज इथेच होता. मला वाटायचं की कपाटातली हवा दमट आहे, ती कोरडी केली की झालं. खरं तर पाणी हवेत नसतंच. ते कपड्यांत असतं. हवेतली ओल काढलीत, तर कपडे आपल्यातली थोडी ओल पुन्हा हवेत सोडतात.

दुकानात मिळणारा पाणी ओढणारा डबा तुम्ही पाहिला असेल. त्यात वर पांढरे दाणे असतात आणि खाली पाणी साठतं. ते दाणे कॅल्शियम क्लोराइड नावाच्या मिठाचे असतात. असा एक डबा भरेपर्यंत साधारण अर्धा लिटर पाणी ओढतो, आणि त्याला कित्येक आठवडे लागतात. आता वरच्या हिशोबाशी ताडून बघा. सादळलेल्या दहा किलो कपड्यांसाठी एकच डबा ठेवला, तर तो भरून जाईल आणि कपडे तरी ओलसरच राहतील. हा डबा कोरडे कपडे कोरडे ठेवायला उपयोगी आहे, ओले कपडे वाळवायला नाही. डबा दोन आठवड्यांतच भरला, तर 'वा, किती छान काम करतो!' असं म्हणू नका. कपडे ओलसर ठेवले गेलेत किंवा कपाटाच्या दाराला मोठी फट आहे, असा त्याचा अर्थ आहे. आणि एक काळजी घ्या: हा डबा नेहमी सगळ्यात खाली, सपाट जागेवर ठेवा. त्यातलं पाणी साधं पाणी नसतं. ते खारट, चिकट असतं आणि रेशमावर किंवा चामड्यावर सांडलं तर ती वस्तू खराब होते.

एसीची गोष्ट

इथल्या बहुतेक घरांत झोपायच्या खोलीत एसी असतो. एसी हवा कोरडी करतो, मग त्या खोलीतल्या कपाटाला वास का येतो?

थंड पाण्याची बाटली फ्रीजमधून काढून टेबलावर ठेवली की तिच्यावर थेंब जमतात. हवेतलं बाष्प ज्या तापमानाला पाणी होऊन जमायला लागतं, त्याला दवबिंदू म्हणतात. सिंगापूरच्या हवेचा दवबिंदू साधारण 24 अंश असतो. तुम्ही रात्रभर एसी 23 वर ठेवला, तर कपाट, भिंत, कपडे सगळं तेवढं थंड होतं. सकाळी एसी बंद करून लगेच खिडकी उघडली की बाहेरची हवा त्या थंड कपड्यांना लागते. बाटलीवर जमतात तसे थेंब दिसणार नाहीत, कारण कापड ते पिऊन टाकतं. पण ओल लागते, आणि ती रोज लागते.

उपाय सोपा आहे. रात्री एसी चालू असताना कपाटाची दारं तास-दोन तास उघडी ठेवा, कारण तेव्हा खोलीतली हवा खरंच कोरडी असते. झोपायच्या आधी दारं बंद करा. सकाळी एसी बंद केल्यावर कमीत कमी अर्धा तास कपाट उघडू नका. शाळेचा शर्ट आदल्या रात्रीच बाहेर काढून ठेवलेला बरा. कपाटाची मागची बाजू बाहेरच्या भिंतीला लागून असेल तर कपडे तिला टेकू देऊ नका, मागे हात जाईल इतकी जागा ठेवा. नव्या फ्लॅटमध्ये जाड भिंतींची एक कोठी असते, जिला सगळे बॉम्ब शेल्टर म्हणतात. तिथे खिडकी नसते. बरेच जण त्यात कपड्यांच्या बॅगा ठेवतात, आणि मी विचाराल तर ती जागा रेशमासाठी सगळ्यात वाईट.

सुती कपडे

आता परत माझ्या साडीकडे येऊ. फॉलवर आणि अस्तरावर काळे ठिपके पडले, आणि दोन्ही कापडं सुती होती. हा योगायोग नाही. कापूस हा झाडाचा भाग आहे. जंगलात पडलेली पानं आणि लाकूड कुजवणं हे बुरशीचं कामच आहे. तिच्या दृष्टीने सुती शर्ट म्हणजे तसंच एक पान. ती नुसती शर्टावर बसत नाही, शर्टच खाते. म्हणून सुती कापडावरचे काळे ठिपके धागाच्या आत जातात आणि पूर्ण निघतीलच असं नाही. बुरशी जास्त झाली की कापड त्या जागी विरतं, म्हणजे झिजून पातळ होतं, आणि ओढलं की फाटतं.

सुती साड्या, झब्बे, धोतर यांना खळ घालायची पद्धत आहे. खळ म्हणजे तांदळाची पेज किंवा तयार स्टार्च. खळ घातली की कापड कडक आणि नीटनेटकं दिसतं. पण खळ हे बुरशीचं आवडतं जेवण आहे. म्हणून नियम असा: घालायचे कपडे खळीचे, ठेवायचे कपडे बिनखळीचे. गणपतीला घातलेला कडक झब्बा पुढच्या वर्षापर्यंत ठेवायचा असेल, तर आधी धुऊन खळ काढून टाका. पुढच्या वर्षी पुन्हा घाला.

सुती कपडे ठेवायच्या आधी ते खरंच वाळलेत का, हे कसं ओळखायचं? कापडाच्या मधे हात लावून कळत नाही. कॉलर, खिशाची जाड शिवण, पँटचा कमरेचा पट्टा या जागा सगळ्यात शेवटी वाळतात. ती जागा गालाला लावून बघा. गार लागली तर तिच्यात अजून पाणी आहे. (एसीच्या खोलीत ही परीक्षा करू नका. तिथे सगळंच गार लागतं.) इस्त्री केलेले कपडेसुद्धा लगेच कपाटात नकोत. इस्त्रीची वाफ त्यांच्यात असते. अर्धा तास पंख्याखाली राहू द्या.

ठिपके नवीन असतील तर पांढरे किंवा पक्क्या रंगाचे सुती कपडे गरम पाण्यात, ऑक्सिजनवाल्या ब्लीचमध्ये काही तास भिजवून धुता येतात. आधी आतल्या शिवणीवर रंग जातो का ते बघा. मी अस्तर असंच धुतलं. पिवळे डाग गेले, काळे ठिपके फिके झाले. फॉल मात्र मी उसवून टाकला आणि नवीन लावून घेतला. वीस वर्षांच्या साडीसाठी एवढं करायला हरकत नाही.

रेशीम

रेशीम हे किड्याच्या कोशापासून होतं, ते झाडाचं नाही. त्यामुळे बहुतेक बुरशींना ते सहज खाता येत नाही. पण ते पाणी कापसापेक्षाही जास्त धरतं, 65 टक्के आर्द्रतेला वजनाच्या सुमारे 11 टक्के. सातशे ग्रॅमच्या जड साडीत पाच मोठे चमचे पाणी असतं, असं समजा.

पाणी तर आहे. मग जेवण कुठून आलं? पदरावरच्या त्या पांढऱ्या ठिपक्याकडे मी बराच वेळ बघत होते, आणि मग आठवलं. आदल्या वर्षी हळदीकुंकवाला कुणीतरी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला होता आणि तो पदराला चिकटला होता. मी तो बोटाने काढला आणि विसरून गेले. काळ्या कापडावर गूळ दिसला नाही, पण बुरशीला तो सापडला. साडीच्या बाकी साडेपाच मीटरमध्ये कुठेही काही नव्हतं.

रेशमाबद्दल म्हणूनच लक्षात ठेवायचं ते हे, की साडीपेक्षा साडीवर काय सांडलंय ते महत्त्वाचं. गूळ, चहा, सरबत, घाम, सगळं बुरशीला चालतं. आणि इथे एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. ड्रायक्लीनिंगमध्ये जो द्रव वापरतात तो मुख्यतः तेलकट डाग काढतो. साखर आणि घाम पाण्यात विरघळतात, त्या द्रवात नीट विरघळत नाहीत. म्हणून नुसतं 'ड्रायक्लीन करा' म्हणून साडी दिली, तर ती स्वच्छ दिसत परत येईल आणि गूळ तिथेच राहील. डाग कुठे आहे आणि कशाचा आहे, ते दुकानदाराला दाखवून सांगा. आणि त्याआधी त्या जागेवर इस्त्री फिरवू नका, कारण उष्णतेने साखरेचा डाग पक्का होतो.

ड्रायक्लीनिंगहून आलेलं प्लॅस्टिकचं आवरण घरी आल्याबरोबर काढा. ते फक्त रस्त्यापुरतं असतं. प्लॅस्टिकमध्ये बाहेरची ओल आत येत नाही, हे खरं. पण आतली बाहेरही जात नाही, आणि मगाशी बघितलं तसं पाणी आतच, साडीत असतं. त्याऐवजी साडी धुतलेल्या, बिनखळीच्या, मऊ सुती कापडात गुंडाळा. आजीचं जुनं धोतर किंवा जुनी सुती साडी यासाठी उत्तम. सुती कापड आर्द्रतेतला चढउतार आधी स्वतःवर घेतं, आणि बुरशी आलीच तर ती आधी त्याच्यावर दिसते.

साडी नेसून आल्यावर लगेच घडी करू नका. अंगाची ऊब आणि घाम तिच्यात असतो. रात्रभर एसीच्या किंवा पंख्याच्या खोलीत पसरून ठेवा, दुसऱ्या दिवशी घडी करा. मग दर तीन महिन्यांनी, कोरड्या दिवशी दुपारी, ती उघडा, तासभर सावलीत पसरा आणि वेगळ्या जागी मोडून परत घडी घाला. कडक उन्हात नको. रेशमाचा रंग उडतो.

पांढरी बुरशी दिसलीच तर ओल्या कपड्याने पुसू नका, ती पसरते. साडी आधी पूर्ण कोरडी होऊ द्या. मग बाल्कनीत नेऊन, तोंडाला मास्क लावून, मऊ ब्रशने एकाच दिशेने हलकेच झटका. हे खोलीत केलंत तर बीजाणू बाकीच्या कपाटांवर जाऊन बसतील. त्यानंतर दुकानात द्या.

पॉलिएस्टर, आणि बाकीचे

परकराला ठिपके नव्हते पण वास होता. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ धरतच नाही, अर्धा टक्कासुद्धा नाही. बुरशीला ते खाताही येत नाही. पण अंगाचं तेल पॉलिएस्टरला घट्ट चिकटतं, आणि त्या तेलावर जिवाणू वाढतात. तुमच्या फुटबॉलच्या जर्सीला धुतल्यावरही वास येतो, तो हाच. 2012 मध्ये जपानमधल्या संशोधकांनी दाखवलं की उशिरा वाळलेल्या कपड्यांच्या वासामागे मोराक्सेला नावाचा एक जिवाणू असतो. म्हणजे कुबट वास आणि बुरशी या नेहमी एकच गोष्ट नसतात. पॉलिएस्टरचा वास कपाटाच्या उपायांनी जाणार नाही, तो धुण्यानेच जाईल: मशीन गच्च न भरता, लेबलवर चालेल तेवढ्या गरम पाण्यात, आणि धुऊन झाल्यावर कपडे मशीनमध्ये पडून न राहता.

लोकरीचे स्वेटर सगळ्यात जास्त पाणी धरतात, वजनाच्या 15-16 टक्के, तरी ते ओले वाटत नाहीत. ते धुऊन, वाळवून, सुती पिशवीत ठेवा. सुट्टीत थंड देशात घालायचं जाड जॅकेट मात्र चिकट झालं असेल, आतला थर सोलून निघत असेल, तर ती बुरशी नाही. तो प्लॅस्टिकसारखा थर दमट हवेत स्वतःच विरतो, आणि त्याला उपाय नाही.

डांबरगोळ्यांबद्दल

आईचा दुसरा सल्ला होता, "डांबरगोळ्या टाक." या पांढऱ्या गोळ्या किड्यांसाठी असतात. बुरशीवर त्यांचा भरवसा धरू नका. त्या कुबट वास झाकतात, त्यामुळे उलट बुरशी लागल्याचं उशिरा कळतं. आपल्याकडे लोकरीत वेखंड ठेवतात, तेही किड्यांसाठीच.

आणि यात एक खरा धोका आहे. अनेक डांबरगोळ्यांत नॅफ्थलीन असतं. काही जणांना जन्मापासून 'जी सिक्स पी डी' नावाच्या घटकाची कमतरता असते. अशा बाळाला नॅफ्थलीनच्या वासाच्या कपड्यांत गुंडाळलं, तर त्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटू शकतात. सिंगापूरमध्ये ही कमतरता आढळते, म्हणून इथे जन्मलेल्या बाळांची ती तपासणी होते. घरात तान्हं बाळ असेल तर आजीच्या पेटीतली, गोळ्यांच्या वासाची दुपटी त्याला देऊ नका. या घरात गोळ्याच नकोत.

करून बघा

आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र काही डॉलरला मिळतं. ते बरोबर दाखवतं का, हे घरीच तपासता येतं. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या. थोडं पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, पाण्यात बुडवू नका. ते झाकण आणि यंत्र एका झिपच्या पिशवीत ठेवा, पिशवी नीट बंद करा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी आकडा 75 असला पाहिजे, कारण बंद जागेत ओलं मीठ हवा नेहमी त्याच आर्द्रतेवर आणून ठेवतं. तुमचं यंत्र 79 दाखवत असेल, तर ते चार जास्त दाखवतं. पुढे प्रत्येक वेळी चार वजा करा.

मग ते कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, कपड्यांच्या मधे ठेवा. आठवडाभर रोज सकाळी सात वाजता आणि दुपारी तीन वाजता आकडा वहीत लिहा. यंत्र बघायला दार क्षणभरच उघडा.

मी हे केलं तेव्हा माझ्या खालच्या कप्प्यात सकाळी 82 आणि दुपारी 80 आकडा आला. बाहेरची हवा दुपारी कोरडी होत होती, पण कप्प्याला ते कळतच नव्हतं, कारण कपडे ठासून भरले होते आणि त्यांच्यातलं पाणी कुठेच जात नव्हतं. मी अर्धे कपडे काढले. तीन कोरड्या दुपारी दारं उघडी ठेवून समोर पंखा लावला. रात्री एसीत पुन्हा दोन तास. चौथ्या दिवशी आकडा 68 वर आला, आणि तेव्हा कुठे मी पाणी ओढणारा डबा आत ठेवला. पहिला डबा भरायला दोन महिने लागले. डिसेंबरच्या पावसात आकडा पुन्हा 74 झाला, तेव्हा परत तेच केलं, फक्त पंख्याऐवजी शेजारच्या काकूंकडून हवा कोरडी करायचं यंत्र एका दुपारपुरतं आणलं. खोलीची दारं-खिडक्या बंद, कपाट उघडं, तीन तास. यंत्राच्या टाकीत इतकं पाणी जमलं की आमच्या घरातला कुणीही आधी विश्वास ठेवायला तयार नव्हता.

साडी दुकानातून परत आली. पदरावर तिरक्या उजेडात एक फिका गोल अजून दिसतो. नेसताना तो भाग मी खांद्यामागे जाईल असा घेते. यंदा तिळगूळ मात्र वाटीत घेतला.